हळदीतून उमटलेलं स्वागत

रसायन मंडळात सभासद नऊ. आठ मुलगे आणि एक इंदू देवचके. इंग्रजी सहावीतली, पाचवारी नुकती नेसायला लागलेली आणि ती सारखी सावरायचा कंटाळा असलेली. वडील कलेक्टर कचेरीत कारकून. घरात बोलणं बेताचं, त्यामुळे सगळं बोलणं ती शाळेत जाऊन बोलायची, असं आई म्हणायची.

मंडळ चालवायचे ते मार्तंड सर. १९४३ची दिवाळी झाली आणि सरांनी कपाटातली लिटमसची डबी उघडली, तर आत तीन पट्ट्या निघाल्या, त्याही एकमेकींना चिकटलेल्या. मुंबईच्या दुकानदाराला कार्ड टाकलं. उलट टपाली दोन शब्द आले : माल नाही.

"लढाईनं आपला लिटमस खाल्ला," सर म्हणाले. "आता आम्ल कोणतं आणि अल्क कोणतं, हे कुणाच्या तोंडाकडे बघून ओळखायचं?"

मागच्या बाकावरून इंदू म्हणाली, "सर, हळद चालेल?"

आठही मुलगे हसले. एकानं तर, "पोळपाट-लाटणंही आणा," असं हळूच म्हणून घेतलं. इंदूनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिची आत्या घरी कुंकू करायची. हळदीत चुना कालवला की पिवळ्याचं लाल होतं, हे इंदूनं लहानपणापासून पाहिलं होतं. फक्त ते रसायनशास्त्र आहे, हे तिला आत्ता, या बाकावर बसल्या बसल्या सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं हळदीची पुडी आणली. कागदाला हळद लावून वाळवली, त्यावर चुन्याच्या निवळीचा एक थेंब टाकला. पिवळ्यावर लाल ठिपका उठला, वीट फोडावी तसा. मग लिंबू पिळलं. ठिपका पुन्हा पिवळा. मार्तंड सर खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि बराच वेळ उभेच होते.

तिथून पुढे महिनाभर मंडळाला दुसरं काही सुचलं नाही. पापडखार लाल, धुण्याचा सोडा लाल, साबणाचं पाणी लाल. चिंच, ताक, लिंबू यांत मात्र हळद ढिम्म. हळद फक्त अल्काची चहाडी करते, आम्लाची नाही. त्यावर इंदूनंच तोड काढली. परसातली जास्वंद आणली, पाकळ्या गरम पाण्यात कुस्करल्या. ते जांभळट पाणी आंबटात गुलाबी-लाल झालं आणि सोड्यात हिरवं. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'स्वयंपाकघरातील आम्ले व अल्के'. जानेवारीत स्नेहसंमेलन होतं आणि त्यात हाच कार्यक्रम करायचा ठरलं.

मग एके दिवशी सूचनाफलकावर यादी लागली. प्रयोग : गोरक्ष औटी आणि सात मुलं. स्वागतपर दोन शब्द : कु. इंदू देवचके.

यादी हेडमास्तरांनी केली होती.

हेडमास्तरांचं नाव नृसिंहराव पाठक. पण नावात होतं तेवढंच. बाकी माणूस दाराच्या कडीचा आवाज झाला तरी दचकायचा. त्याला कारणही होतं. बेचाळीसच्या ऑगस्टात पोरं वर्ग सोडून निघून गेली होती आणि शाळेच्या भिंतीवर कोळशानं काय काय लिहून गेली होती. पोलीस आले, चौकशी झाली, शाळेचं अनुदान जातं की राहतं अशी वेळ आली. तेव्हापासून शाळेत साधी निबंधस्पर्धा असली तरी पुंजाराम हवालदार मागच्या खुर्चीवर येऊन बसायचा. आणि हेडमास्तर प्रत्येक भाषण आधी मागवून घ्यायचे आणि निळी पेन्सिल घेऊन बसायचे.

इंदू त्यांच्या खोलीत गेली. "सर, हळदीची कल्पना माझी होती."

"होती ना! म्हणून तर तुझं नाव घातलं," हेडमास्तर म्हणाले. "हे बघ, तिथं स्पिरिटचा दिवा असणार, तू साडी नेसणार. डेप्युटी साहेब समोर बसणार. मुलीनं गोड बोलावं, गुलाबपाणी शिंपडावं. भाषण लिहून आण. दोन मिनिटं. जास्त नको."

इंदूनं चार पानं लिहिली. परत आल्या त्या पाच ओळी.

'रसायनशास्त्रात झालेली क्रांती' यातली क्रांती गेली होती. 'लाल रंग सर्वत्र पसरतो' हे वाक्य आडव्या रेघेखाली गाडलं गेलं होतं. आणि 'आम्ल आणि अल्क एकत्र आले म्हणजे मीठ तयार होते' या वाक्यावर तर पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. समासात लिहिलं होतं : मिठाचा विषय नको!!

मार्तंड सरांनी तो कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मीठ…" एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. सर चांगले होते, पण हेडमास्तरांपुढे ते 'हो सर'च्या पुढे जायचे नाहीत.

त्या संध्याकाळी इंदू घरी तांदूळ निवडत बसली होती, पण डोकं दुसरीकडे होतं. हेडमास्तर कागद तपासतात. जे कागदावर नाही ते कसं तपासणार? आणि जे लिहिलेलं दिसतच नाही, त्यावर पेन्सिल कशी चालवणार?

"आई, बाबांचं एखादं जुनं धोतर आहे?" तिनं विचारलं.

"कशाला? कापड कुठं मिळतंय हल्ली! त्याची आठवण काढू नकोस."

"फाटकंही चालेल. शाळेच्या स्वागताला हवंय."

आईनं धोतराचं एक पान दिलं. धुऊन धुऊन पातळ झालेलं, एका कडेला ठिगळ. सकाळी इंदू ते घेऊन प्रयोगशाळेत गेली आणि मार्तंड सरांकडे किल्ली मागितली.

"काय करणार आहेस?"

"स्वागत, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. "मी काही विचारलेलं नाही," ते म्हणाले आणि वर्गावर निघून गेले.

बेत असा होता. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवायचा आणि त्या पाण्यानं कुंचल्यानं कापडावर अक्षरं काढायची. वाळलं की पांढऱ्यावर पांढरं, काही दिसणार नाही. मग भाषण करता करता त्यावरून हळदीचं पाणी फिरवायचं. कापड पिवळं होईल आणि जिथं सोडा असेल तिथं अक्षरं लाल उठतील. म्हणजे प्रयोग तिचाच झाला, आणि तोही सगळ्यांच्या आधी. काय लिहायचं तेही ठरलं होतं. सुस्वागतम् तर सगळ्याच शाळा लिहितात. ती लिहिणार होती : 'चला जाणून घेऊ आम्ल आणि अल्क'.

आधी एका चिंधीवर करून पाहिलं तर पार विचका झाला. हळद पाण्यात नीट विरघळेना, सोडा मात्र विरघळला आणि अक्षरं वाहून गेली. लाल लाल शेवाळ पसरावं तसं दिसायला लागलं. इंदूनं दिव्याच्या बाटलीतलं स्पिरिट घेतलं आणि त्यात हळद घोटली. आता अक्षरं पसरेनात, पण उठेनातही.

तेवढ्यात दारात गोरक्ष औटी येऊन उभा राहिला. मंडळाचा चिटणीस, पारनेरकडचा, बोर्डिंगात राहणारा. शेतकऱ्याच्या घरचा, गणितात पहिला. मुलींशी बोलायची वेळ आली की तो भिंतीकडे बघून बोलायचा. आत्ताही तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "निम्मं पानी घाला. नुसत्या स्पिरिटात सोडा इरघळत न्हाई, मंग हळदीला त्याची गाठ पडत न्हाई. निम्म्या पान्यात पडंल, आन वाहूनबी जानार न्हाई."

इंदूनं निम्मं पाणी घातलं. चिंधीवर काढलेलं 'इ' तांबडंलाल उठलं, कडा धारदार.

"कुणाला सांगणार नाहीस?" तिनं विचारलं.

"तुमची कल्पना. तुमीच करायला पायजे हुती," गोरक्ष घड्याळाला म्हणाला. "आमाला मिळाली, त्यात आमचा काय दोस न्हाई."

इंदूला त्याचं बोलणं बरं वाटलं. तिनं कापडावर एकेक अक्षर पेन्सिलच्या बारीक ठिपक्यांनी आखून दाखवलं आणि डावीकडून उजवीकडे बोळा कसा फिरवणार तेही करून दाखवलं. गोरक्ष ओठांतल्या ओठांत वाचत होता. "चला… जा…" आणि एकदम थांबला. पहिल्यांदाच त्यानं भिंत सोडून इंदूकडे पाहिलं.

"आवो, हितं बोळा थांबला तर?"

इंदूनं वाचलं. चला जा. पुढे पांढरं.

देशभर 'चले जाव' गाजून दीड वर्ष झालं होतं. किल्ल्यात पुढारी कोंडलेले, भिंगारच्या छावणीत गोरी पलटण, आणि शाळेत हेडमास्तर मिठाला भिणारे. इंदू एवढी हसली की स्पिरिटची बाटली लवंडता लवंडता राहिली.

"थांबणार नाही मी," ती डोळे पुसत म्हणाली. "कशाला थांबेन?"

पण त्या क्षणीच तिला ठाऊक होतं की ती थांबणार. पाच आकडे मोजेपर्यंत. तेवढंच.

संमेलनाच्या दिवशी शाळेच्या चौकात मांडव घातला होता. शिक्षण खात्याचे डेप्युटी साहेब शामकांत वाळिंबे वेळेवर आले. जाड भुवयांचे, काळा कोट, हातात छडी. त्यांच्या एका शेऱ्यावर शाळेचं अनुदान अवलंबून, म्हणून हेडमास्तर त्यांच्याभोवती असे फिरत होते की साहेबांना बसायला जागा मिळेना. टेबलावर साहेबांसाठी लिंबाच्या सरबताचा मोठा पितळी पेला ठेवला होता. साखर रेशनवर, लिंबं मात्र श्रीगोंद्याहून कुणीतरी टोपलीभर आणलेली. त्यामुळे सरबत एवढं आंबट झालं होतं की साहेबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि पेला अदबीनं दूर सरकवला.

मागच्या खुर्चीवर पुंजाराम हवालदार टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याला भाषणं आवडायची नाहीत, पण लाडू आवडायचे.

व्यासपीठाच्या मागे काठीला ते धोतराचं पान ताणून बांधलं होतं. हेडमास्तरांनी विचारलं, "हे काय?"

"पडदा," मार्तंड सर म्हणाले. "मागची भिंत खराब आहे."

इंदूचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली. एका हातात पाच ओळींचा कागद, दुसऱ्या हातात गुलाबपाण्याच्या नावाखाली झाकून आणलेला वाडगा. पहिलं वाक्य कागदावरचंच म्हटलं.

"सन्माननीय अध्यक्ष महाराज, गुरुजन आणि बंधुभगिनींनो, रसायन मंडळाच्या वतीनं मी आपलं मनःपूर्वक स्वागत करते."

हेडमास्तरांनी मान डोलावली. पेन्सिलीतून सुटलेली ओळ होती ती.

मग इंदूनं कागद दुमडला आणि कमरेला खोचला.

"आपल्याला वाटत असेल, रसायनशास्त्र म्हणजे काचेच्या नळ्या आणि विलायती बाटल्या. पण आज आम्ही विलायतेहून काही आणलेलं नाही. आणायला गेलो होतो, मिळालं नाही." मांडवात हशा पिकला. "मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. तिथं जे आंबट, त्यात आम्ल. लिंबू, चिंच, ताक. आणि जे हाताला बुळबुळीत लागतं, पापडखार, साबण, चुन्याची निवळी, ते अल्क. चुना मात्र कुणी नुसता चाटून बघू नये. पान खाणाऱ्यांना विचारा, जीभ कशी सोलवटते ते. म्हणून ओळखायचं ते जिभेनं नव्हे, रंगानं. आम्ल ओळखायला जास्वंद आहे, आणि अल्क ओळखते आमच्या घरची हळद. ती आज आपलं स्वागतही करणार आहे."

एवढं बोलून तिनं वाडग्यातला बोळा काढला आणि कापडावरून फिरवला.

पांढरं कापड पिवळं झालं आणि त्या पिवळ्यात 'च' उठला. लालभडक. बायकांच्या बाजूनं "अगं बाई!" असा आवाज आला. मग 'ला'. टाळ्या पडल्या. मग 'जा'.

इंदू थांबली. वळून सभेकडे पाहिलं. एक.

चला जा.

दोन. मुलांच्या बाकांवरून खसखस सुरू झाली. गोरक्ष औटी छताकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. तीन. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावरचं रक्त खाली उतरत गेलं, अगदी कोटाच्या कॉलरपर्यंत. इंदूला मनातून गुदगुल्या झाल्या.

चार, असं ती म्हणणार तोच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पुंजाराम हवालदार उभा राहिला होता. डोळे बारीक करून, बोट हवेत फिरवत तो एकेक अक्षर लावत होता.

"च… ला… जा." त्यानं टोपी डोक्यावर घातली. "मास्तर, हे मला म्हनत्यात का सायबांला?"

पुढच्या रांगांतल्या माना मागे वळल्या.

हेडमास्तरांची गंमत करायची होती, खरंच. हवालदार तिच्या हिशोबात नव्हता. त्यानं ठाण्यात जाऊन काही सांगितलं तर? किल्ली देणाऱ्या मार्तंड सरांचं काय होईल? कचेरीत कारकून असलेल्या बाबांचं काय होईल? तिनं घाईनं बोळा बुडवला. पुढची अक्षरं उठवली की सगळं मिटलं असतं. पण बोळा कापडाला लागायच्या आत हेडमास्तर उठले होते. त्यांना ते शब्द त्या क्षणी, त्याच ठिकाणी, या जगातून नाहीसे करायचे होते. हाताशी काही नव्हतं. होता तो साहेबांचा पेला. नृसिंहरावांनी आयुष्यात पहिल्यांदा नावाला शोभेल अशी झेप घेतली आणि पेलाभर सरबत सपकन कापडावर मारलं.

आणि अक्षरं गेली.

म्हणजे खरोखरच गेली. 'चला'चा लाल बघता बघता विटकरी झाला, नारिंगी झाला आणि पिवळ्यात मिसळून गेला. 'जा'च्या जागी थोडा फेस चुरचुरला आणि तोही पिवळा. कापडावरून सरबत टपकत होतं, पेला हातात धरून हेडमास्तर उभे होते, आणि आपण नक्की काय केलं हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

इंदूच्या डोक्यात वीज चमकावी तसं झालं. ती वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"टाळ्या, हेडमास्तर सरांसाठी!"

कुणालाच काही कळेना. ती तशीच पुढे बोलत राहिली. "अल्कानं हळद लाल झाली, हे मी दाखवलं. पण त्याच लालाला आम्ल पुन्हा पिवळं करतं, हे दाखवायला कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. सरांनी ते स्वतः करायचं कबूल केलं. सभेला चकित करायचं म्हणून आम्ही हे कार्यक्रमपत्रिकेत छापलं नव्हतं. सरबतात लिंबू आहे, लिंबात आम्ल आहे. आणि आजच्या सरबतात साखर कमी, त्यामुळे ते जरा जास्तच उघड आहे."

आधी डेप्युटी साहेब हसले. त्या सरबताचा एक घोट त्यांच्या पोटात होता, त्यामुळे त्यांना सगळं पटलं. त्यांनी छडी बगलेत मारली आणि टाळ्या वाजवल्या. मग मांडव वाजला. हेडमास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं, पेला हळूच टेबलावर ठेवला आणि, काय करणार, वाकून नमस्कार केला.

"पर लिवलंय काय मंग?" पुंजाराम अजून उभाच होता.

"सांगते, हवालदारसाहेब. बसा. पुरं झाल्याशिवाय वाचू नये." इंदूनं प्रयोगांसाठी टेबलावर ठेवलेल्या सोड्याच्या पाण्यात बोट बुडवलं आणि पुसलेल्या जागी अक्षरं पुन्हा गिरवायला लागली. पहिल्यांदा गिरवलं तर नुसता फेस आला, रंग नाही. "बघा, अजून लिंबाचं राज्य आहे. सोडा आधी लिंबाशी भांडतो आणि दोघंही थंड होतात. लिंबू संपेपर्यंत लाल दिसायचा नाही." दुसऱ्यांदा तिनं गिरवलं. तिसऱ्यांदा 'च' उमटला, मग 'ला', मग 'जा', जरा वेडेवाकडे, पण लाल. आता तिनं बोळा घेतला आणि एका दमात उजवीकडच्या टोकापर्यंत नेला. सरबताचे शिंतोडे उडालेला 'णू' फिकटच उठला, पण बाकीचं सगळं लख्ख वाचता आलं.

चला जाणून घेऊ आम्ल आणि अल्क.

पुंजारामनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं, शेवटपर्यंत नेलं आणि टोपी काढून खाली बसला. "असं व्हय! मंग ठीक हाय," तो शेजारच्याला म्हणाला. "मला वाटलं, लाडू न्हाईत म्हनून सांगत्यात."

डेप्युटी साहेब पुढे झुकले. "मुली, एक विचारतो. सोडा आणि लिंबू भांडून थंड झाले म्हणालीस. मग तिथं शिल्लक काय राहिलं?"

इंदूनं हेडमास्तरांकडे पाहिलं. "सर, सांगू?"

नृसिंहराव कसनुसं हसले. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता. "सांग," ते म्हणाले. "सांग की."

"मीठ, साहेब. खायचं नव्हे, पण शास्त्रात त्यालाही मीठच म्हणतात. आणि पाणी. शिवाय फेसातला वायू उडून गेला तो वेगळा."

"शाब्बास. हे भाषणात का नाही घातलंस?"

"दोनच मिनिटं होती, साहेब," इंदू म्हणाली आणि पदर सावरत खाली उतरली.

पुढचे प्रयोग गोरक्षनं आणि मुलांनी नीटच केले. जास्वंदीच्या पाण्यानं लोकांना वेड लावलं. चिंचेत गुलाबी, पापडखारात हिरवं. एका म्हाताऱ्या बाईंनी तर गवळ्याच्या दुधाची शंका घेऊन पुढच्या वेळी दूध आणू का, असंही विचारलं. पण साहेबांनी शेरेबुकात लिहिलं ते मुख्याध्यापकांबद्दल : 'स्वतः प्रयोगात भाग घेऊन विद्यार्थ्यांत शास्त्राची गोडी निर्माण करतात. असे उदाहरण विरळा.' मार्तंड सरांनी ते वाचलं आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

मांडव रिकामा झाल्यावर इंदू वाडगे धुवायला मागच्या नळावर गेली. तिथं हेडमास्तर एकटेच उभे होते. टपकणारं कापड त्यांनी स्वतः काठीवरून सोडवलं होतं आणि दोन्ही पंजे पिवळेजर्द झाले होते. ते हातांना साबण चोळत होते आणि जसजसे चोळत होते तसतसे हात लाल होत चालले होते.

"हे काय गं!" ते घाबरून म्हणाले. "जातच नाही. वाढतंय!"

"साबणात अल्क आहे, सर. पाण्यानं साबण धुऊन टाका, मग पुन्हा पिवळे होतील. दोन दिवसांनी तेही जाईल."

त्यांनी धुतले. मग पिवळे हात झटकत, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"ते मुद्दाम होतं?"

खोटं बोलायला इंदूच्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. पण शेरेबुक ओलं होऊ नये म्हणून त्या माणसानं ते लांब पायरीवर जपून ठेवलं होतं, ते तिनं पाहिलं. तिला पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस स्वतःसाठी भीत नाही, शाळेसाठी भितो.

"शब्द मुद्दाम नव्हते, सर," ती म्हणाली. "थांबणं मुद्दाम होतं. पाच आकडे मोजणार होते. हवालदार उठेल असं वाटलं नव्हतं. चुकलं माझं."

हेडमास्तरांनी खिशातून रुमाल काढला, त्यालाही हळद लावून ठेवली.

"किती झाले होते?"

"काय, सर?"

"आकडे."

"तीन."

"तीन!" नृसिंहराव म्हणाले. "मला वाटलं, अर्धा तास उलटला." आणि त्यांच्या छातीतून काहीतरी बाहेर पडलं. आधी इंदूला वाटलं ठसका लागला. मग लक्षात आलं, ते हसत होते. हसायची सवय मोडलेली असल्यामुळे ते जरा गंजलेलं वाटत होतं, पण हसत होते खरे. "तो पुंजाराम… लाडू…" एवढंच त्यांना बोलता आलं.

मग त्यांनी कोट ठीक केला, त्याच्यावरही पाच बोटं उठली, आणि एकदम हेडमास्तर झाले.

"पुढच्या वर्षी प्रयोग तू करायचेस," ते म्हणाले. "सगळे. स्पिरिटचा दिवासुद्धा. पदर खोचून."

"आणि स्वागताचं भाषण, सर?"

"ते औटीकडे देऊ," हेडमास्तर जाता जाता म्हणाले. "भिंतीकडे बघून बोलतो तो. धोका नाही."